बायकोच्या नावची वीस एकर

२ ऑक्टोबर १९७५. आणीबाणी लागून तीन महिने झाले होते. त्या दिवशी महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेची सुधारित मर्यादा लागू झाली. मराठवाड्यात या कायद्याला सगळे नुसते ‘सिलिंग’ म्हणत, आजही तेच म्हणतात. मूळ कायदा १९६१ चा आणि २६ जानेवारी १९६२ पासून अमलात असलेला. त्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा भागाभागाप्रमाणे ६६ ते १२६ एकर होती. एवढ्या मोठ्या फटीतून बहुतेक मोठे शेतकरी सुखाने निसटत. नव्या दुरुस्तीने कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आणली आणि बारमाही पाण्याच्या जमिनीची १८ एकरांवर. मधल्या प्रतींसाठी २७ आणि ३६ एकर असे टप्पे ठरले.

खरी कळ मात्र आकड्यांत नव्हती. ती ‘कुटुंब घटक’ या दोन शब्दांत होती. नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली मिळून एक घटक. त्यातल्या कोणाच्याही नावावर असलेली जमीन साऱ्या घटकाची धरायची आणि मर्यादा त्या बेरजेला लावायची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वैजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे ५० एकर कोरडवाहू आहे. बायकोला माहेरकडून २० एकर मिळाली आहे आणि सातबारा तिच्याच नावावर आहे. दोन मुले लहान आहेत. दोघांची जमीन वेगळी मोजली तर नवराही मर्यादेत बसतो आणि बायकोही. नव्या कायद्याने बेरीज ७० होते, मर्यादा ५४, म्हणून १६ एकर अतिरिक्त. कुटुंबात पाचापेक्षा जास्त माणसे असतील तर प्रत्येक जादा माणसामागे मर्यादा एक पंचमांशाने वाढते, पण एकूण दुपटीच्या वर जात नाही. म्हणजे याच घरात चाराऐवजी सात माणसे असती, तर मर्यादा ७५ एकरांच्या पुढे गेली असती आणि एक गुंठाही गेला नसता. जमिनीचा काही भाग बारमाही बागायत असता तर त्याचा एक एकर कोरडवाहूच्या तीन एकरांबरोबर धरला गेला असता. मुलगा सज्ञान असता, तर त्याचा हिस्सा या बेरजेत आलाच नसता. त्यामुळेच त्या वर्षांत वाटणीपत्रांना आणि जन्मतारखेच्या दाखल्यांना किती भाव आला होता हे महसूल खात्यातल्या जुन्या माणसांना विचारावे. कायद्यानेही ते ओळखले होते. २६ सप्टेंबर १९७० नंतर झालेले हस्तांतर किंवा वाटणी सिलिंग चुकवण्यासाठीच झाली असे तो धरून चाले. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार शेतकऱ्यावर होता.

अशा १६ एकरांचा वाद मिटवताना देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला राज्यघटनेच्या दोन भागांचे नाते नव्याने ठरवावे लागले. मूलभूत अधिकारांचा तिसरा भाग आणि निदेशक तत्त्वांचा चौथा भाग यांचा मेळ कसा बसला, हा इतिहास साधारणपणे मद्रास, केरळ आणि बंगळूर या नावांनी सांगितला जातो. महाराष्ट्राची शेतजमीन त्यात तळटीप म्हणून येते. माझ्या मते तो उलटा सांगायला हवा.

घटना समितीत निदेशक तत्त्वांवर चर्चा झाली तेव्हा मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी त्यांची थट्टाच केली होती. बँकेला सोयीचे होईल तेव्हा वटणारा हा धनादेश आहे, असा त्यांचा आशय होता. डॉ. आंबेडकरांचा बचाव दोन पायऱ्यांचा होता. न्यायालयात दाद मागता येत नसली तरी कोणत्याही सरकारला ही तत्त्वे झटकता येणार नाहीत, कारण मतदारांपुढे त्याचा जाब द्यावा लागेल. आणि १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरांना दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रांसारखीच ही सूचना आहे, फक्त ती आता विधिमंडळाला आणि सरकारला दिलेली आहे. अनुच्छेद ३७ मध्ये हेच उतरले. ही तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, तरी देशाच्या कारभारात ती मूलभूत असतील आणि कायदे करताना ती लावणे हे राज्याचे कर्तव्य असेल. एकाच वाक्यात हात बांधलेले आणि कर्तव्य सोपवलेले, अशी ही रचना. भांडण होणार हे ठरलेलेच होते.

पहिले भांडण जमिनीवरून नाही, प्रवेशावरून झाले. ९ एप्रिल १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन प्रकरणात मद्रास सरकारची जातवार जागावाटपाची पद्धत रद्द केली. दुर्बळ घटकांच्या शैक्षणिक हिताचे निदेशक तत्त्व सरकारने पुढे केले होते. न्यायालयाने सांगितले की चौथ्या भागाने तिसऱ्या भागाच्या हाताखाली चालायचे. अधिकार पवित्र, तत्त्वे दुय्यम. त्याच्या महिनाभर आधी पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा समानतेच्या अधिकाराविरुद्ध म्हणून पाडला होता. दोन्ही धक्के मिळून १८ जून १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती आली. तिने अनुच्छेद ३१-अ आणि ३१-ब घातले आणि नववी अनुसूची जोडली. ३१-अ ने शेतजमिनीच्या सुधारणेच्या कायद्यांना मूलभूत अधिकारांच्या कसोटीतून वगळले. ३१-ब ने नवव्या अनुसूचीत नाव घातलेल्या कायद्यांना अभय दिले. संसदेत कायदामंत्री म्हणून बोलताना आंबेडकरांनी चंपकमच्या निकालाबद्दलचे असमाधान लपवले नाही.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद औरंगाबादला आले आणि मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. बिहारच्या जमीनदारी कायद्याला संमती देताना याच राष्ट्रपतींच्या मनात किती शंका होत्या, हे आता सर्वज्ञात आहे. महाविद्यालय काढणारे आंबेडकर आणि कोनशिला बसवणारे राजेंद्रप्रसाद यांची जमिनीच्या प्रश्नावरची मते दोन टोकांची होती. १९४७ च्या आपल्या निवेदनात आंबेडकरांनी शेती हा सरकारी उद्योग करावा असे सुचवले होते. ते घटनेत आले नाही. घटनेत आले ते अनुच्छेद ३९ चे दोन सौम्य खंड. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सामान्य हिताला पोषक होईल असे वाटले जावे, आणि संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये.

मराठवाड्याला हे सारे नवे नव्हते. निजामाच्या जहागिऱ्या १९४९ मध्येच, घटना अमलात येण्यापूर्वी, संपल्या होत्या. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ निर्माण केले. १९५४ च्या दुरुस्तीत ‘कुटुंबधारणा’ हे माप आले आणि संरक्षित कुळाला मालकी देणारे कलम ३८-ई सुद्धा. जुन्या फेरफारांत आजही ‘३८-ई’ लिहिलेले दिसते. म्हणजे माणसाऐवजी कुटुंब हे जमिनीचे माप धरण्याची कल्पना इथल्या तहसिलींना १९७५ च्या आधी वीस वर्षे ठाऊक होती. पुढे १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात मराठवाड्यातली आणि खानदेशातली हजारो माणसे तुरुंगात गेली. १९६१ चा सिलिंग कायदा त्यानंतरचा. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तो नवव्या अनुसूचीत जाऊन बसला.

याच सतराव्या दुरुस्तीने ३१-अ ला एक परंतुक जोडले आणि १९७५ नंतरचा वाद सुरू झाला तो त्या परंतुकावरून. ते असे: एखाद्याची स्वतः कसत असलेली जमीन त्याला लागू असलेल्या कमाल मर्यादेच्या आत असेल, तर बाजारभावाने मोबदला दिल्याशिवाय ती घेता येणार नाही. जमीनसुधारणेला अधिकारांच्या वर बसवणाऱ्या तरतुदीतच छोट्या शेतकऱ्यासाठी एक अधिकार ठेवलेला. मेळ घालण्याचे काम इथे घटना दुरुस्त करणाऱ्यांनीच सुरू केले होते, न्यायालयाने नंतर हात लावला.

मधल्या काळात न्यायालय हळूहळू वळत होते. १९५२ मध्ये बिहारच्या जमीनदारीच्या खटल्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणजे काय हे ठरवायला न्या. महाजनांनी अनुच्छेद ३९ चा आधार घेतला. तत्त्व अमलात आणता येत नसले, तरी त्याच्या उजेडात शब्दाचा अर्थ लावता येतो, ही त्यातली पहिली खूण. १९५८ मध्ये सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी गोवंशहत्येच्या आणि केरळच्या शिक्षण विधेयकाच्या प्रकरणांत सुसंवादी अर्थ लावण्याची भाषा वापरली. मात्र अंतिम शब्द अधिकारांचाच राहिला. राज्याने तत्त्वे जरूर राबवावीत, पण अधिकार हिरावून न घेता. पंजाबच्या जमिनीवरून निघालेल्या गोलकनाथ खटल्यात १९६७ ला न्यायालयाने संसदेचा अधिकार-कपातीचा हातच अडवला. तेव्हा भांडण टोकाला गेले. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने ३१-क आणले. अनुच्छेद ३९ च्या त्या दोन खंडांसाठी केलेल्या कायद्यांना १४, १९ आणि ३१ ची कसोटी लागणार नाही.

२४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारतीचा निकाल सर्वांना माहीत आहे. सात विरुद्ध सहा, घटनेची पायाभूत चौकट अबाधित, आणि ३१-क चा मूळ भाग वैध. इथे एका माणसाकडे लक्ष वेधायचे आहे. पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड या निकालात अल्पमतात होते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा नाहीत, असे मानणाऱ्या सहांपैकी ते एक. मराठी वर्तुळातलेच न्या. डी. जी. पाळेकरही त्यांच्याबरोबर होते. सात वर्षांनी सरन्यायाधीश म्हणून चंद्रचूडांनीच त्या मर्यादा सर्वांत ठाम शब्दांत मांडल्या. याला कोणी पलटी म्हणेल. मला ते मधल्या आणीबाणीचे शिक्षण वाटते. पण तिथे जायच्या आधी आपले १६ एकर.

१९७५-७६ च्या तीन सिलिंग दुरुस्ती कायद्यांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिकांचा ढीग लागला. त्या वेळी औरंगाबादला खंडपीठ नव्हते. ते २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाले आणि त्यालाही आव्हान मिळून सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालाने ते टिकले. सिलिंगच्या या याचिकांचा निकाल नागपूरला लागला. १३ ऑगस्ट १९७६ ला विठ्ठलराव उत्तरवार प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने कायदा उचलून धरला. अपील दिल्लीला गेले. २७ जानेवारी १९७७ ला दत्तात्रय गोविंद महाजन या नावाने निकाल आला आणि अपील फेटाळले गेले.

तो निकाल वाचताना परिस्थिती विसरता येत नाही. आणीबाणी चालू होती. समानतेचा अनुच्छेद १४ किंवा स्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ यांचा आधार घेणे शक्य नव्हते. वकिलांच्या हातात उरले फक्त ते परंतुक. त्यांचा मुद्दा साधा होता. बायकोचे २० एकर तिच्या मर्यादेच्या आत आहेत. ‘कुटुंब घटक’ नावाचा कृत्रिम माणूस उभा करून तिची जमीन नवऱ्याच्या बेरजेत ओढली, म्हणजे मर्यादेच्या आतली जमीन बाजारभावाशिवाय घेतली. न्यायालयाने दोन उत्तरे दिली. पहिले, परंतुकाचा भंग होत असला तरी कायदे नवव्या अनुसूचीत आहेत आणि ३१-ब त्यांना वाचवतो. दुसरे, भंग होतच नाही. मर्यादा कोणत्या घटकाला लावायची, व्यक्तीला की कुटुंबाला, हे शेतीची नवी घडी बसवणाऱ्या विधिमंडळाने ठरवायचे. न्यायालयाने अर्थसल्लागार व्हायचे नाही.

कायद्याच्या दृष्टीने ते दुसरे उत्तर बरोबर आहे, असे मला वाटते. एका घरातली जमीन पाच नावांवर विभागून प्रत्येकाची मर्यादा वेगळी मोजायची म्हटले, तर सिलिंगचा अर्थच उरत नाही. तरी एक सल राहते. त्या बेरजेत बाईची जमीन जाते, पण तिचा वेगळा विचार कुठे होत नाही. उत्तर प्रदेशच्या सिलिंग कायद्यावरच्या अंबिका प्रसाद मिश्र खटल्यात स्त्रियांबाबतच्या भेदभावाचा मुद्दा स्पष्टपणे उभा राहिला. न्या. कृष्ण अय्यर यांनी तो नाकारला. स्त्रियांच्या नावाने मोठे जमीनदार कायदा पाडू पाहत आहेत, हा त्यांचा संशय होता आणि त्यात तथ्य होते. पण संशय खरा असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आणीबाणी उठली. अपिलकर्त्यांनी पुनर्विलोकन मागितले. त्यांचे म्हणणे असे की त्या काळात आमचे बरेच मुद्दे मांडताच आले नाहीत. न्यायालयाने ते मान्य केले. नव्या याचिकाही दाखल झाल्या आणि सगळे मिळून पाच न्यायाधीशांपुढे वामनराव विरुद्ध भारत सरकार या नावाने आले. पीठावर चंद्रचूड, भगवती, कृष्ण अय्यर, तुळजापूरकर आणि ए. पी. सेन होते. आता मुद्दा मोठा झाला होता. बायकोच्या वीस एकरांवरून वकील थेट ३१-अ, ३१-ब आणि ३१-क यांच्यावरच आले. ही तिन्ही कलमे पायाभूत चौकट मोडतात, म्हणून ती रद्द करा. सोबत एक वेगळाच मुद्दा होता. हे दुरुस्ती कायदे १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत घातले, पण ती दुरुस्ती करणाऱ्या लोकसभेची पाच वर्षे १८ मार्च १९७६ लाच संपली होती. आणीबाणीत तिने स्वतःची मुदत वाढवून घेतली होती. मुदत संपलेल्या सभागृहाने घटना बदलावी का? न्यायालयाने मुदतवाढ वैध ठरवली.

९ मे १९८० ला न्यायालयाने आदेश दिला. त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रकरणाचाही आदेश निघाला, ते म्हणजे मिनर्व्हा मिल्स. बंगळूरच्या त्या गिरणीचे सरकारने राष्ट्रीयीकरण केले होते आणि नानी पालखीवाला बेचाळिसाव्या दुरुस्तीविरुद्ध उभे होते. त्या दुरुस्तीने ३१-क फुगवले होते. आधी अभय फक्त ३९ च्या दोन खंडांपुरते होते. आता कोणत्याही निदेशक तत्त्वाच्या नावाने केलेला कायदा १४ आणि १९ च्या कसोटीतून सुटणार होता. चार न्यायाधीशांच्या वतीने चंद्रचूडांनी ते रद्द केले, एकट्या भगवतींचा विरोध होता.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच सरन्यायाधीशाच्या हाताखाली, एक आदेश ‘निदेशक तत्त्वांसाठी अधिकार बाजूला ठेवता येणार नाहीत’ असे म्हणतो, आणि दुसरा ‘शेतजमिनीच्या सुधारणेसाठी ठेवता येतात’ असे. वरवर पाहता विसंगती आहे. दोन्हींची कारणे वाचली की ती मावळते. मिनर्व्हाची कारणे ३१ जुलैला आली, वामनरावची १३ नोव्हेंबरला. मिनर्व्हात चंद्रचूड म्हणतात की तिसरा आणि चौथा भाग यांचा तोल हाच घटनेचा पाया आहे. तत्त्वांनी गाठायची ठिकाणे सांगितली आहेत आणि अधिकारांनी तिथे जाण्याची रीत बांधून दिली आहे. कोणत्याही तत्त्वाचे नाव घेतले की अधिकार गायब, अशी सरसकट सूट दिली तर तोल जातो. वामनरावमध्ये तेच चंद्रचूड ३१-अ कडे पाहतात आणि वेगळे ठरवतात. इथे सूट एका ठरावीक क्षेत्रापुरती आहे. जमिनीच्या मालकीतली सरंजामी विषमता मोडल्याशिवाय समतेचा अधिकार बहुसंख्य लोकांसाठी कागदावरच राहिला असता, म्हणून पहिल्या दुरुस्तीने चौकट मोडली नाही, ती भरीव केली. थोडक्यात, प्रश्न तत्त्व मोठे की अधिकार मोठा असा उरलाच नाही. अधिकार किती जागेत, कशासाठी आणि किती बाजूला सारला जातोय, हे तपासायचे. १९५१ मधली उतरंड १९८० मध्ये अशी मोडली.

वामनरावची एक रेषा आजही रोज कामाला येते. नवव्या अनुसूचीत २४ एप्रिल १९७३ च्या आधी गेलेले कायदे सुरक्षित. त्यानंतर गेलेल्यांना पायाभूत चौकटीची कसोटी लागेल. २००७ च्या कोएल्हो निकालात नऊ न्यायाधीशांनी ती रेषा पक्की केली. आता महाराष्ट्राचे सिलिंग दुरुस्ती कायदे अनुसूचीत गेले १९७६ मध्ये, म्हणजे रेषेच्या चुकीच्या बाजूला. तरी ते वाचले, कारण त्यांना ३१-ब ची गरजच उरली नाही. ते मुळात शेतजमिनीच्या सुधारणेचे कायदे होते आणि ३१-अ त्यांना पुरेसा होता. आपल्या कल्पित शेतकऱ्याचे १६ एकर ९ मे १९८० लाच कायमचे गेले.

मिनर्व्हा प्रकरणातल्या आपल्या मतपत्रात भगवतींनी एक तक्रार नोंदवली आहे. न्यायाधीशांची एकत्र बैठक होऊन पुरेशी चर्चा झाली नाही, अशी. इतक्या मोठ्या निकालामागे तेवढी घाई होती, हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

जमीन वाचवणे किंवा घेणे ही मेळाची एक दिशा. दुसरी दिशा १० जुलै १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात दिसते आणि लेखक पुन्हा चंद्रचूड. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकून लावायचे ठरले. याचिकाकर्त्यांत संगमनेरहून १९६९ मध्ये मुंबईला आलेला एक चर्मकार होता. गावातले घर पडल्यावर तो आला होता, असे निकालात नोंदले आहे. या लोकांना ‘उपजीविकेचा मूलभूत अधिकार’ असा कोणता अनुच्छेद घटनेत सापडत नव्हता. उपजीविका आहे ती निदेशक तत्त्वांत, अनुच्छेद ३९ च्या पहिल्या खंडात आणि ४१ मध्ये. न्यायालयाने अनुच्छेद २१ मधले ‘जीवित’ त्या तत्त्वांच्या आधाराने वाचले आणि उपजीविका हिरावणे म्हणजे जीविताचे साधन हिरावणे असे ठरवले. तत्त्व अमलात आणायला सरकारला भाग पाडता येत नसेल, पण अधिकाराचा अर्थ लावताना ते वापरता येते. १९५२ मध्ये महाजनांनी ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी जे केले, ते चंद्रचूडांनी ‘जीविता’साठी केले.

मात्र निकालाचा शेवट वाचायला हवा. फुटपाथवर राहण्याचा अधिकार कोणालाच नाही, असेच न्यायालय म्हणाले. पावसाळा संपेपर्यंत थांबा, नंतर काढा. तत्त्वाने अधिकाराला अर्थ दिला, डोक्यावर छप्पर दिले नाही.

३१-क चा हिशेब ५ नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा निघाला, तोही महाराष्ट्राच्याच कायद्यावरून. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आठ-अ हा अध्याय आला. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था केली, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत घेऊन ती त्यांना देता येते. मालकांचा प्रश्न होता की खासगी इमारत म्हणजे ३९ मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ का? नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा बहुमताचा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला, मिनर्व्हा लिहिणाऱ्या यशवंतरावांच्या मुलाने. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. बेचाळिसाव्या दुरुस्तीचा फुगवटा रद्द झाल्यावर ३१-क केशवानंदने मान्य केलेल्या मूळ रूपात जिवंत आहे. आणि प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप समाजाची साधनसंपत्ती होत नाही. तिचे स्वरूप, तिची टंचाई, समाजावर होणारा तिचा परिणाम आणि ती थोड्या हातांत साठली की काय होते, हे पाहून ठरवायचे. सगळीच खासगी मालमत्ता त्यात येते, हे कृष्ण अय्यर यांचे १९७७ चे मत त्यांनी नाकारले. न्या. नागरत्ना यांना काही बाबतींत वेगळे वाटले, न्या. धुलिया यांनी विरोधी मत दिले.

मराठवाड्यात मात्र आता वेगळीच गाठ आहे. सिलिंगमधून भूमिहीनांच्या वाट्याला फार थोडी जमीन आली. त्यांनी गायराने कसायला घेतली. सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे अटी घालून नियमित करायचे ठरवले. कब्जा कधीपासूनचा, हे दाखवायला पीकपाहणीची नोंद आणि तलाठ्याने ठोकलेल्या दंडाच्या पावत्या कामी येतात. पुढे २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सर्व राज्यांना सांगितले. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसाठी एक छोटा अपवाद ठेवला. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला त्याप्रमाणे शासन निर्णय काढला. आता गायरानावरचा भूमिहीन उपजीविकेचे तत्त्व पुढे करतो. गावाची गुरे, चराई आणि पर्यावरण यांच्या बाजूनेही तत्त्वच उभे आहे, अनुच्छेद ४८-अ. वामनरावची रीत अधिकार आणि तत्त्व यांच्यासाठी होती. तत्त्व विरुद्ध तत्त्व उभे राहिले की ती रीत पुरत नाही आणि निकाल शेवटी पावतीवरच्या तारखेवर लागतो.